आठांपैकी कोणते तीन सोडायचे?

वर्गसमीकरणांवरची दहावीची सरावपत्रिका. आठ प्रश्न, प्रत्येकी तीन गुण, आणि वर सूचना : कोणतेही पाच सोडवा. आठांतून पाच निवडण्याचे 56 प्रकार होतात. पाच निवडणं आणि तीन वगळणं हे हिशेबाने एकच, पण कोणते तीन सोडायचे हे ठरवणं सोपं जातं. त्यासाठी आधी आठही प्रश्न वाचायला हवेत. बरीच मुलं पहिले पाच क्रमाने घेतात आणि सहाव्यात काय होतं ते त्यांना घरी गेल्यावर कळतं.

प्रश्नाची लांबी फसवी असते. kx(x − 2) + 6 = 0 ची मुळे वास्तव व समान असतील, तर k किती? एका ओळीचा प्रश्न. विवेचक शून्य घेतला की 4k² − 24k = 0 मिळतं, म्हणजे k = 0 किंवा 6. इथेच घात होतो. k शून्य असेल तर समीकरण वर्गसमीकरणच राहत नाही, म्हणून ती किंमत कारण देऊन वगळावी लागते. ते सुचलं नाही, तर जवळजवळ पूर्ण झालेलं उत्तर शेवटच्या ओळीत चुकतं.

याउलट चार ओळींचं शाब्दिक उदाहरण पाहून मुलं पान उलटतात. रेल्वे 360 किमी जाते. वेग ताशी 5 किमी जास्त असता, तर 48 मिनिटे कमी लागली असती. 48 मिनिटांचे 4/5 तास केले की x² + 5x − 2250 = 0 मिळतं आणि वेग 45 येतो; −50 हा वेग असूच शकत नाही. मग पडताळा : 45 च्या वेगाने 8 तास, 50 च्या वेगाने 7 तास 12 मिनिटे. फरक बरोबर 48 मिनिटांचा. आपलं उत्तर बरोबर आहे हे मुलाला तिथल्या तिथे कळतं, म्हणून असा प्रश्न आवर्जून घ्यावा. मात्र दोन-तीन मिनिटांत समीकरणच मांडता आलं नाही, तर तो बाजूला ठेवून पुढे जावं.

5x² − 4x − 3 = 0 पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना 4/25 मिळवावे लागतात आणि उत्तरात √19 येतो. अपूर्णांकांत अडखळणाऱ्याने परीक्षेत हा सोडला तर बिघडत नाही.

काही शिक्षक निवडीचं कारणही लिहायला लावतात. ‘सोपा वाटला’ एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही. ‘सातवा घेतला, कारण उत्तराचा पडताळा वेळेतून घेता येतो’ किंवा ‘तिसरा सोडला, कारण x² चा सहगुणक 1 नसला की पूर्ण वर्गासाठी काय मिळवायचं ते चुकतं’ असं लिहिलं, की पुढच्या तासाला फळ्यावर कोणतं उदाहरण घ्यायचं हे त्यांना नेमकं समजतं.