पीतांबराचे दोन विग्रह

भाची सहावीच्या पुढे गेली तशी व्याकरणाची वही माझ्यापुढे येऊ लागली. परवा एका उत्तरावर लाल फुली होती. प्रश्न: ‘पीतांबर’ या समासाचा विग्रह करा. तिने लिहिले होते, ‘पीत + अंबर’. ‘मामा, यात चुकलं काय?’

तिने फोड बरोबर केली होती, पण ती संधीची होती. संधी म्हणजे वर्णांची जोड. ‘पीत’मधला शेवटचा अ आणि ‘अंबर’मधला पहिला अ मिळून आ झाला, इथे अर्थाशी काही देणेघेणे नाही. समासात दोन शब्दांमधले नाते उलगडायचे असते, म्हणून त्याचा विग्रह अधिकचिन्हाने होत नाही, तो शब्दांत लिहावा लागतो.

मग मी तिला दोन वाक्ये दिली. ‘बाबा पीतांबर नेसून पूजेला बसले.’ नेसले ते वस्त्रच, म्हणून ‘पिवळे असे वस्त्र’, हा कर्मधारय. ‘पीतांबर भक्ताच्या हाकेला धावला.’ वस्त्र कसे धावेल? इथे ‘पिवळे आहे वस्त्र ज्याचे तो’, म्हणजे विष्णू, हा बहुव्रीही. संधी दोन्हीकडे तीच राहिली, समास मात्र वाक्याने बदलला. म्हणूनच परीक्षेत असा शब्द सुटा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता हे शब्द वहीत घ्या: महोत्सव, लंबोदर, पुरणपोळी, मीठभाकर, खरेखोटे, एकेक. प्रत्येकापुढे दोन रकाने आखा, एक संधीचा, एक समासाचा. एखादा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

‘महोत्सव’ची फोड मुले हमखास ‘महा + ओत्सव’ करतात. ‘ओत्सव’ असा शब्दच नाही, तिथेच चूक कळते. महा + उत्सव, आ + उ = ओ; समास ‘महान असा उत्सव’, कर्मधारय. ‘लंबोदर’मध्येही अ + उ = ओ, पण लांब उदर ज्याचे तो गणपती, म्हणून बहुव्रीही.

पुढच्या तिघांत संधीचा रकाना रिकामाच राहतो. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. मधले शब्द गळाले, म्हणून मध्यमपदलोपी. मीठभाकर तिच्यासारखीच दिसते, पण मीठ घालून केलेली भाकर असा तिचा अर्थ नाही. मीठ, भाकर आणि तसलेच साधे खाणे, असा तो समाहार द्वंद्व. ‘खरेखोटे’चा विग्रह ‘खरे किंवा खोटे’, म्हणून वैकल्पिक द्वंद्व. इथे ‘आणि’ घातले की उत्तर चुकते.

‘एकेक’पाशी भाची अडली. संस्कृतच्या नियमाने अ + ए = ऐ, म्हणजे ‘एकैक’ व्हायला हवे. मराठीने इथे पहिला स्वर गाळला आणि ए तसाच ठेवला. याला पररूप संधी म्हणतात. ‘नाही + असा’मध्ये उलट दुसरा स्वर गळतो आणि ‘नाहीसा’ होतो, ती पूर्वरूप संधी. भाचीने लगेच ‘काहीसा’ लिहून दाखवला.