बॅगेचा फोटो कसा वाचावा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरून उघड्या बॅगेचे फोटो नातेवाइकांना जातात आणि सोबत प्रश्न असतो, ‘असं भरलंय, बरं आहे ना?’ उत्तरं बहुधा नीटनेटकेपणा पाहून दिली जातात. पण फोटो आडव्या बॅगेचा असतो आणि प्रवासात ही बॅग बराच वेळ उभी असते. फोटो वाचताना ती मनातल्या मनात उभी करून पाहावी लागते.

समजा, एकाच बॅगेचे, एकाच सामानाचे दोन फोटो समोर आहेत. बॅग चार चाकांची, मधोमध उघडणारी, रिकामी चार किलोची. विमान कंपनीची मर्यादा तेवीस किलो, म्हणजे सामानाला एकोणीस किलो उरतात. त्यात कपडे आठ किलो, मसाले भरलेला कुकर चार किलो, भाजणी-लाडवांचे डबे चार किलो, पुस्तकं दोन आणि बूट एक किलो.

पहिल्या फोटोत कपड्यांच्या सुबक गुंडाळ्या चाकांच्या बाजूला आहेत, कुकर आणि डबे दांडा बाहेर येतो त्या टोकाला. दुसऱ्यात कुकर, डबे आणि पुस्तकं चाकांकडे, कपडे त्यांच्यापलीकडे, काही घड्या घालून तर काही कोपऱ्यांत कोंबलेले. दिसायला पहिला फोटो सरस आहे. आता बॅग उभी करा. पहिल्या बॅगेत जवळजवळ अर्धं वजन वरच्या टोकाला आलं. खालचे मऊ कपडे दबतात, वर पोकळी होते, कुकर घसरतो आणि त्याच्या वाटेत लाडवांचा डबा असतो. वजन उंचावर असल्यामुळे उतारावर किंवा फटीत चाक अडकलं की बॅग कलंडते. दुसऱ्या बॅगेत जड सामान आधीच तळाला आहे, त्याला घसरायला जागा नाही.

फोटोवरून वजनाचा अंदाजच करता येतो. खात्री हवी असेल तर बंद बॅग आडवी करून चाकांचं टोक घरच्या वजनकाट्यावर ठेवा, दुसरं टोक तेवढ्याच उंचीच्या पाटावर. तेवीस किलोच्या बॅगेत काटा चौदा दाखवत असेल, तर उरलेले नऊ किलो दांड्याच्या टोकावर आहेत आणि भरणी योग्य आहे. काटा नऊ दाखवत असेल, तर जड सामान हलवा. डाव्या-उजव्या बाजूंचंही असंच पाहता येतं.

जागेच्या बाबतीत वरून काढलेला फोटो सगळ्यात जास्त फसवतो. बऱ्याच बॅगांत दांड्याच्या दोन नळ्या तळातून जातात आणि त्यांच्या मध्ये व बाजूला खाचा राहतात. मोजे, रुमाल, बनियन तिथेच बसतात, पण वर एक थर आला की त्या भरल्या की नाहीत हे कळत नाही. म्हणून फोटो मागायचाच तर पहिला थर लावल्यावरचा मागा. गुंडाळ्यांचंही तसंच आहे. टणक नळकांडी शेजारीशेजारी, सरळ रांगांत रचली तर सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्केच जागा भरते. कापड दबतं, म्हणून प्रत्यक्षात नुकसान कमी होतं. तरी जाड जीन्स, स्वेटर यांच्या सपाट घड्याच बऱ्या. हवा काढून घ्यायच्या पिशव्यांनी बॅगेत जागा होते, वजन मात्र तेवढंच राहतं, आणि मोकळ्या जागेत आणखी सामान कोंबलं की विमानतळावर उघडून काढावं लागतं. कुकर मात्र रिकामा कधी नेऊ नये.

वस्तू किती सहज हाती येते, हे फोटोवरून मोजता येतं. पहिल्या रात्री लागणाऱ्या चार गोष्टी ठरवा: चादर, टॉवेल, झोपायचे कपडे, साबण-ब्रशची पिशवी. प्रत्येकीपर्यंत पोहोचायला किती वस्तू उचलाव्या लागतील, ते मोजा. इथे गुंडाळ्या जिंकतात, कारण एका थरात प्रत्येक कपडा वरून दिसतो. घड्यांच्या चळतीत तळचा शर्ट काढायला वरचे सगळे हलवावे लागतात. घड्या उभ्या, फायलींसारख्या लावल्या तर हा प्रश्न बराच सुटतो. या चार वस्तू जाळीच्या कप्प्यात, अगदी वर असाव्यात. पॉवर बँक कुठल्याही फोटोत दिसली तर लगेच कळवा. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते.

या तीन कसोट्या एकमेकींशी भांडतात. जड सामान चाकांकडे गेलं की ते खाली दडतं, आणि हाताशी ठेवायचं म्हटलं की थोडी जागा वाया जाते. माझ्या मते चेक-इन बॅगेत आधी तोल, मग जागा, आणि शेवटी सोय पाहावी, कारण ती वाटेत उघडायची नसते. हातातल्या बॅगेत हाच क्रम उलटा लावा. आणि कुणी फोटो पाठवला, तर मत देण्याआधी एवढं विचारा: चाकं कुठल्या बाजूला आहेत?