५० हजार डॉलर पगार म्हणजे भारतातले नेमके किती?

२०१७ मध्ये डॉलर सरासरी ६५ रुपयांना होता. म्हणजे अमेरिकेतला ५० हजार डॉलरचा वार्षिक पगार साडेबत्तीस लाख रुपये. पण तिथला खर्चही डॉलरमध्येच होतो. म्हणून दोन्ही देशांत सारख्याच वस्तू-सेवांना किती पैसे लागतात, हे जागतिक बँकेच्या पाहणीत तपासलं जातं. यालाच क्रयशक्ती समानता म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेत १ डॉलरला मिळणाऱ्या गोष्टींना भारतात सरासरी २०.६५ रुपये पुरत होते. या हिशोबाने तो पगार भारतातल्या सुमारे सव्वादहा लाखांइतका ठरतो. हा फरक मुख्यतः केस कापणं, घरकाम, घरभाडं यांसारख्या सेवांमुळे पडतो, कारण त्या स्वस्त देशातून मागवता येत नाहीत. मात्र तिथून घरी पाठवलेल्या बचतीला तेव्हा बाजारातला ६५ चाच दर मिळत होता.