नेमारला बार्सिलोना का अडवू शकली नाही?

फुटबॉल नव्यानं बघणाऱ्यांना प्रश्न पडतोच, करार असताना खेळाडू क्लब सोडून जातो कसा? २०१७ चा उन्हाळा आठवला की उलगडा होतो.

नेमारचा बार्सिलोनाशी करार २०२१ पर्यंत होता आणि क्लबला त्याला विकायचं नव्हतं. पण स्पेनमध्ये करारात 'रिलीज क्लॉज' असतो, म्हणजे सुटकेची आधीच ठरलेली रक्कम. ती भरली की घासाघीस नाही, क्लबची परवानगीही लागत नाही. नेमारची रक्कम होती २२ कोटी २० लाख युरो. एवढे कुणी भरू नयेत, म्हणूनच आकडा मोठा ठेवतात. पॅरिसच्या पीएसजीने ते भरले! ला लीगाने आधी पैसे घ्यायला नकार दिला, मग वकिलांनी थेट बार्सिलोनाकडे जमा केले.

मात्र पगार, बोनस, कराराची वर्षं नव्या क्लबशी ठरवावीच लागतात. ते काम एजंटचं, आणि नेमारचे एजंट म्हणजे त्याचे वडीलच. एजंटला सौद्यात कमिशन मिळतं, त्यामुळे बदलीची बातमी कुणी पेरली हेही बघावं.

त्याच उन्हाळ्यात पीएसजीला मोनॅकोचा एमबाप्पेही हवा होता. पण दोन्ही खर्च एकाच वर्षात दाखवले, तर युएफाच्या आर्थिक नियमांत अडकण्याची भीती. म्हणून त्याला वर्षभरासाठी लोनवर आणलं आणि १८ कोटी युरोंची खरेदी पुढच्या वर्षावर ढकलली. एरवी लोनवरचा खेळाडू मुदत संपली की मूळ क्लबकडे परततो. इथं उसनवारी फक्त कागदावर होती.