पहिल्या तासाच्या चौदा स्लाइड्स

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी सोलापूरची एक मुलगी संध्याकाळी वर आली. टोकियोतल्या एका विद्यापीठात तिचं पहिलं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. भारतीय मंडळींची निशी-कसाई तुम्हाला ऐकून माहीत असेल. त्याच तोझाई लाइनवर पुढे चौथं स्टेशन म्हणजे आमचं ग्योतोकु. नदी ओलांडली की टोकियो संपून चिबा प्रांत लागतो आणि घरभाडं जरा आवाक्यात येतं, म्हणून बरीच मुलं इकडे राहतात.

तिनं फोन पुढे केला. "ताई, संख्याशास्त्राचा पहिला तास झाला. सरांनी चौदा स्लाइड्स दाखवल्या आणि सोडून दिलं. शिकवलं काहीच नाही. यात वाचण्यासारखं काही आहे का गं?"

मी स्वतः एका कॉलेजात आठवड्याला एक विषय शिकवते, त्यामुळे दर एप्रिलला अशा स्लाइड्स बनवणं माझ्याही नशिबी असतं. त्या दिसायला कंटाळवाण्या असतात हे कबूल. पण विषय पास होणार की नाही, याचा हिशेब बहुतेक वेळा त्यांच्यातच लिहिलेला असतो. चहा ठेवला आणि आम्ही दोघी एकेक स्लाइड बघत बसलो.

पहिल्या काही स्लाइड्सवर अभ्यासक्रम होता. जपानीत त्याला शिराबासु म्हणतात आणि तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर आधीच लावलेला असतो. पंधरा आठवडे, पंधरा तास, प्रत्येक तासाचा विषय. कोपऱ्यात बारीक अक्षरात '२ तान-इ' असं होतं. तान-इ म्हणजे क्रेडिट, आपल्याकडच्या भाषेत श्रेयांक. ती म्हणाली, "म्हणजे आठवड्याला दोन तास, ना?"

इथेच पहिली गफलत होते. आपल्याकडे साधारण असं डोक्यात बसलेलं असतं की जितके श्रेयांक, तितक्या आठवड्याच्या तासिका. जपानमध्ये विद्यापीठांच्या दर्जाविषयी १९५६ सालचा एक सरकारी नियम आहे. त्यानुसार एक तान-इ म्हणजे एकूण ४५ तासांचं शिक्षण, आणि त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही धरलेला असतो. म्हणजे दोन तान-इच्या विषयाला ९० तास. नव्वद मिनिटांचं एक लेक्चर हिशेबात दोन तासांचं मानतात, त्यामुळे पंधरा लेक्चरचे झाले ३० तास. उरलेले ६० तास घरी किंवा लायब्ररीत भरायचे. आठवड्याला चार तास, आणि तेही एका विषयाला.

तिनं असे दहा विषय घेतले होते. मी कागदावर मांडलं. दहा विषय म्हणजे २० तान-इ. २० गुणिले ४५ म्हणजे ९०० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ६० तास. त्यावर तिची दुकानातली अर्धवेळ नोकरी. परवानगी घेतलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, आणि ती पूर्ण २८ तास करणार होती. बेरीज ८८. आठवड्यात तास असतात १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. उरले २४ तास. त्यात ट्रेन, स्वयंपाक, कपडे, आईशी व्हिडिओ कॉल, सगळं.

"पण एवढा अभ्यास कोण करतं?" तिनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. प्रत्यक्षात फार कमी विद्यार्थी हे तास पूर्ण भरतात, आणि शिक्षकांनाही ते ठाऊक असतं. सगळे विषय सारखे जडही नसतात. तरी हा आकडा उपयोगी पडतो, कारण प्राध्यापक गृहपाठ आखताना तोच समोर धरतात. एखाद्या आठवड्यात तुम्ही कमी अभ्यास कराल. पण पाच विषयांचे रिपोर्ट एकाच आठवड्यात आले, की कागदावरचे तास खरोखरच अंगावर येतात.

मग आली गुणांची स्लाइड. तिच्यावर तीन ओळी होत्या. हेइजोतेन ३० टक्के, मध्यावरचा रिपोर्ट ३० टक्के, शेवटची परीक्षा ४० टक्के. पास व्हायला एकूण ६० हवेत.

तिची योजना घरच्यासारखीच होती. शेवटचा महिना झोकून अभ्यास करायचा आणि परीक्षा मारून न्यायची. मी म्हटलं, चल, तशीच धरू. परीक्षेत तुला चांगले ८० टक्के पडले. ४० पैकी झाले ३२. रिपोर्टमध्ये ७० टक्के, म्हणजे ३० पैकी २१. बेरीज ५३. परीक्षेत ८० टक्के मिळवूनही नापास.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण हेइजोतेन म्हणजे हजेरीच ना? मी तर रोज जाणारच आहे."

ही दुसरी गफलत, आणि ती जपानी मुलंही करतात. हेइजोतेनचा अर्थ 'रोजच्या कामाचे गुण'. नुसतं वर्गात बसण्याला गुण देऊ नयेत, असं बऱ्याच विद्यापीठांचं धोरण असतं. मग रोजचं काम मोजायचं कसं? पुढच्याच स्लाइडवर उत्तर होतं. प्रत्येक तासाच्या शेवटी अर्ध्या पानाचा 'रिअ‍ॅक्शन पेपर', मुलांच्या बोलीत 'रिआपे'. आज काय समजलं, काय अडलं, एखादं उदाहरण सोडवलं तर ते. प्रत्येकी दोन गुण, पंधरा वेळा. नाव आणि 'लेक्चर छान झालं' एवढंच लिहिलं तर शून्य, असंही सरांनी स्पष्ट लिहिलं होतं.

पुन्हा हिशेब केला. पंधरापैकी बारा रिआपे नीट लिहिले तर २४ गुण. मघाच्या ५३ मध्ये मिळवले की ७७. तिच्या विद्यापीठात ७० ते ७९ ला 'बी' मिळतो. परीक्षा तीच, रिपोर्ट तोच. नापास आणि 'बी' यांच्यात फरक फक्त बारा अर्ध्या पानांचा.

उलटाही हिशेब करून बघावा. रिआपेचे २४ आणि रिपोर्टचे २१ हातात असतील, तर ४५ झाले, म्हणजे पास व्हायला परीक्षेत ४० पैकी १५ पुरतात. जुलैच्या उकाड्यात परीक्षेला बसताना ही जमाखर्चाची ओळ मनाला फार बळ देते. मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी. काही विषयांत परीक्षेत वेगळे किमान गुण मिळवावे लागतात. तशी अट असेल तर ती याच स्लाइडच्या तळाशी, बहुधा तारांकित असते.

आठव्या स्लाइडवर अपेक्षा होत्या. पाचपेक्षा जास्त गैरहजेऱ्या झाल्या तर परीक्षेला बसता येणार नाही. तीन वेळा उशीर म्हणजे एक गैरहजेरी. ती लगेच म्हणाली, "म्हणजे पाच सुट्ट्या आहेत!" नाही गं बाई. गैरहजर राहिलीस की त्या दिवसाचा रिआपे गेला. पाच दिवसांचे दहा गुण जातात, आणि ३० ऐवजी कमाल २० उरतात. शिवाय पाच संपल्यावर ताप आला तर करणार काय? हा आकडा आजारपणासाठी राखून ठेवायचा.

उशिराचं मात्र ग्योतोकुकरांना खास बघावं लागतं. तोझाई लाइनचा आपल्याकडचा भाग जमिनीवरून जातो आणि निशी-कसाईच्या पुढे आराकावा नदीवरचा लांब पूल लागतो. वारा जोरात सुटला की गाड्या मंदावतात किंवा थांबतात. सकाळची गर्दी तर विचारूच नका. अशा वेळी रेल्वे उशिराचा दाखला देते, चिएन शोमेइशो. स्टेशनवर कागदी मिळतो आणि वेबसाइटवरही असतो. पण तो मान्य करायचा की नाही हे बहुधा प्राध्यापकावर असतं. तिच्या स्लाइड्समध्ये त्याबद्दल काहीच नव्हतं. मी तिला ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

तारखांमध्येही एक खोच होती. पंधरा तास भरायचे म्हणून बरीच विद्यापीठं काही सरकारी सुट्ट्यांच्या दिवशीही वर्ग घेतात. तिचा चौथा तास २९ एप्रिलला, गोल्डन वीकच्या पहिल्याच सुट्टीला होता. मैत्रिणींबरोबर क्योतोला जायचं त्याच दिवशी ठरलं होतं. बसचं तिकीट अजून काढलं नव्हतं, हे नशीब.

शेवटची स्लाइड होती 'या विषयात यशस्वी कसं व्हाल'. ती सगळेच सोडून देतात. माझ्या पहिल्या वर्षी मीही तिथे 'नियमित अभ्यास करा' असं लिहिलं होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही. पण अनुभवी शिक्षक त्या जागी आधीच्या मुलांच्या चुका लिहितात, फक्त सल्ल्याच्या रूपात. तिच्या सरांनी लिहिलं होतं, 'रिपोर्टसाठीचा डेटा गोल्डन वीकच्या आधी निवडा.' याचा अर्थ असा घ्यायचा, की आधी कुणीतरी डेटा उशिरा निवडला आणि रिपोर्ट बुडवला. दुसरी ओळ होती, 'सहाव्या तासानंतर ऑफिस अवरमध्ये एकदा तरी या.' म्हणजे सहाव्या तासाला विषय अवघड होतो.

सगळं वाचून झाल्यावर खरा प्रश्न उरला. विषय नोंदवायची मुदत, रिशू तोरोकु, शुक्रवारी संपत होती. पहिल्या तासाला शिकवत नाहीत त्याचं कारण हेच आहे. तो तास तुम्ही ठरवावं म्हणून दिलेला असतो. मुदतीत विषय काढला तर गुणपत्रकावर काही उमटत नाही. मागाहून रद्द करायची सोय काही ठिकाणी असते, पण थोडे दिवस. तीही चुकली आणि विषय सोडून दिला, तर नापासाचा शेरा सरासरीत मोजला जातो.

पदवीला चार वर्षांत किमान १२४ तान-इ लागतात. आठ सत्रांत वाटले तर दर सत्राला साडेपंधरा. म्हणजे आठ विषय, १६ तान-इ घेऊनही ती वेळेवर पदवीधर होते, फक्त नापास व्हायला फारशी जागा राहत नाही. सक्तीचे विषय काढता येत नव्हते. ऐच्छिकांपैकी दोन तिनं वगळले आणि दुकानातले तास २० वर आणायचं ठरवलं. ८८ चे झाले ६८. संख्याशास्त्र ठेवलं.

रात्री तिनं सरांना दोन ओळींची ईमेल केली. रेल्वेच्या उशिराचा दाखला चालेल का? सकाळी उत्तर आलं: चालेल, पण त्याच दिवशी तासाच्या शेवटी दाखवायचा, आणि रिआपे तरीही लिहायचा.