डाळीत आहे, पण जिभेला लागत नाही

टोकियोतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांना जेवताना एक प्रश्न पडला. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ घालून केलेल्या पाण्याला जी चव येते, ती गोड, आंबट, खारट किंवा कडू यांपैकी कशातच बसत नाही. मग ती आहे तरी कसली? त्यांनी कोंबूचा अर्क काढला, तो आटवला, त्यातले क्षार वेगळे केले. शेवटी हाती लागलं ग्लुटामेट. या चवीला त्यांनी 1908 साली ‘उमामी’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी हा पदार्थ बाजारात आला. चायनीजच्या गाडीवर चिमटीने टाकतात ते अजिनोमोटो हेच.

ग्लुटामेट हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. तुरीच्या डाळीत प्रथिनं भरपूर आणि त्यांत ग्लुटामेटही भरपूर. मग नुसतं वरण इतकं मवाळ का लागतं? कारण तिथे ते प्रथिनांच्या साखळीत अडकलेलं असतं आणि जिभेवरच्या ग्राहींना फक्त सुटं ग्लुटामेट कळतं. साखळी तुटायला काहीतरी घडावं लागतं. चीज महिनोन्‌महिने मुरतं, सोया सॉस आंबतो, तेव्हा प्रथिनं फुटतात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. टोमॅटोत ते पिकताना वाढतं, म्हणून कच्च्या हिरव्या टोमॅटोच्या भाजीला ही चव येत नाही.

टोमॅटोतही ते सगळीकडे सारखं नसतं. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ते बाहेरच्या मांसल भागापेक्षा बरंच जास्त असतं. लाल टोमॅटो चिरून दोन्ही भाग वेगळे चाखा, किंचित मीठ लावून. फरक कळतो. कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून आपण नेमका तोच गर काढून टाकतो! तो आमटीत घालावा, हे माझं स्पष्ट मत.

उमामीचा खरा जोर मात्र जोडीत आहे. मांसमच्छीत इनोसिनेट नावाचा पदार्थ असतो. प्राणी मेल्यावर स्नायूंतली ऊर्जा साठवणारी रसायनं मोडतात, त्यातून तो तयार होतो. वाळवलेल्या शिताके अळंब्यांत त्याचाच भाऊबंद, ग्वानिलेट. यांपैकी एक आणि ग्लुटामेट जिभेवर एकत्र आले की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते. अकिरा कुनिनाका यांनी 1950 च्या दशकात हे दाखवलं. जपानी स्वयंपाकी कोंबूच्या पाण्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे घालतात, त्याचं कारण हेच. आपल्याकडे मटणाच्या रश्शात टोमॅटो घालतात, तिथेही मटणातलं इनोसिनेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट एकमेकांना भेटतात.

मिठाशिवाय मात्र ही चव उभी राहत नाही. अजिनोमोटो नुसतं पाण्यात विरघळवून प्यायलं, तर काहीसं बेचव, विचित्रच लागतं. चिमूटभर मीठ पडलं की त्याच पाण्याला रश्शासारखी चव येते, तोंडाला पाणी सुटतं आणि गिळल्यावरही ती जिभेवर रेंगाळते.