गॅसची कॅप्सूल आणि बारा चौकोन

मेडिकलमध्ये 'गॅसची कॅप्सूल द्या' म्हटलं की जी पट्टी हातात पडते, तिच्या नावापुढे पुष्कळदा 'डी' किंवा 'डीएसआर' ही अक्षरं असतात. त्यातला 'डी' म्हणजे डोम्पेरिडोन. पोट हलकं करणारं, मळमळ थांबवणारं हे औषध. सकाळी उपाशीपोटी एक, अशी ती कॅप्सूल वर्षानुवर्षं घेणारी माणसं प्रत्येक घरात सापडतील. तिचा हृदयाशी काही संबंध असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

हा संबंध ईसीजीच्या कागदावर दिसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तिथे एक टोकदार सुळका उमटतो आणि त्यामागून एक बुटका, गोलसर उंचवटा येतो. सुळका म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतवले गेले, उंचवटा म्हणजे ते पुन्हा शांत होऊन पुढच्या ठोक्यासाठी तयार झाले. सुळक्याच्या सुरुवातीपासून उंचवट्याच्या शेवटापर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी अंतर. शांत होताना पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडावं लागतं आणि त्यासाठी पेशींच्या आवरणात खास वाटा असतात. डोम्पेरिडोनसारखी औषधं त्यांतल्याच एका वाटेत अडकून बसतात. मग शांत व्हायला वेळ लागतो, क्यूटी लांबतो आणि त्या अर्धवट अवस्थेत एखादा अवेळी ठोका पडला, तर हृदय मिनिटाला दोनशेच्या पुढे भरकटत धावू लागतं. ईसीजीवरची रेघ पिळलेल्या दोरीसारखी दिसते. डेसर्टेन या फ्रेंच डॉक्टरांनी 1966 मध्ये तिचं वर्णन केलं आणि तिला 'टोरसाद द प्वांत' हे नाव पडलं. हा झटका बऱ्याचदा काही सेकंदांत आपोआप थांबतो. माणूस कोसळतो, हातपाय झाडतो आणि घरचे म्हणतात, फिट आली. थांबला नाही, तर जीव जातो.

एकटं औषध सहसा एवढं करत नाही. घात करते ती जोडी. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका 39 वर्षांच्या बाईंची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. ॲलर्जीसाठी टर्फेनाडीन आणि बुरशीच्या संसर्गासाठी कीटोकोनॅझोल घेत असताना त्यांची शुद्ध हरपू लागली होती. टर्फेनाडीनचं यकृतात एका निरुपद्रवी पदार्थात रूपांतर होतं, पण कीटोकोनॅझोलने तेच काम बंद पाडलं होतं. टर्फेनाडीन पुढे 1998 मध्ये तिथल्या बाजारातून गेलं. तो निरुपद्रवी पदार्थ मात्र आज फेक्सोफेनाडीन या नावाने आपण ॲलर्जीसाठी घेतो.

आता आपल्याकडची एक जुळणी पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातलं औषध एकही दुर्मिळ नाही. सत्तरीच्या आजी. रोज डीएसआर कॅप्सूल, पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड, नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल. फ्लुकोनॅझोल स्वतः क्यूटी लांबवतं, शिवाय डोम्पेरिडोनचा निचराही रोखतं. अशात आजींना जुलाब लागतात. लघवीतून आधीच पोटॅशियम जात होतं, आता जुलाबांतूनही जाऊ लागतं. उलटी थांबावी म्हणून ऑन्डॅनसेट्रॉनचं इंजेक्शन दिलं जातं. तेही याच यादीतलं.

ईसीजी काढला, तर दोन सुळक्यांमध्ये 20 बारीक चौकोन भरतात, म्हणजे नाडी 75. सुळका सुरू झाल्यापासून उंचवटा संपेपर्यंत 12 चौकोन. एक चौकोन 40 मिलिसेकंदांचा, म्हणून क्यूटी 480. नाडीच्या वेगानुसार दुरुस्ती केली की आकडा 537 च्या आसपास जातो. बायकांमध्ये साधारण 460 पर्यंत, पुरुषांमध्ये 450 पर्यंत ठीक मानतात. 500 ओलांडले की डॉक्टर सावध होतात. नाडी नेहमीची असेल तर नुसत्या नजरेनेही अंदाज येतो: उंचवटा दोन सुळक्यांच्या मध्याच्या पलीकडे संपत असेल, तर मोजून बघावं. मशीन छापून देतं त्या आकड्यावर विसंबू नये. उंचवटा चपटा असला की मशीन चुकतं.

यादीतली इतर नावंही ओळखीची आहेत: ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, उदासीनतेवरचं एसिटालोप्रॅम, मानसिक आजारातलं हॅलोपेरिडॉल. ठोका बिघडू नये म्हणून दिली जाणारी सोटॅलॉल आणि ॲमिओडॅरोनही त्यात आहेत. धडधाकट तिशीतल्या माणसाने तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन घेतलं तर घाबरण्यासारखं काही नाही. मनाची किंवा हृदयाची गोळी तर स्वतःहून बंद करूच नये. त्यात जास्त धोका आहे. पण वय झालेलं, त्यातून बाई, पोटॅशियम कमी आणि यादीतली दोन औषधं एकदम, हे जमून आलं की हिशेब बदलतो. डोम्पेरिडोनबद्दल तर युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये सांगितलं, की ते मळमळ-उलटीपुरतंच द्यावं, दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर नको आणि सहसा आठवड्यापेक्षा जास्त नको. आपली 30 मिलिग्रॅमची डीएसआर कॅप्सूल ही मर्यादा एका घोटात गाठते.

आजींवरचा उपचार तसा साधा. डोम्पेरिडोन, फ्लुकोनॅझोल, ऑन्डॅनसेट्रॉन थांबवायचं, शिरेतून पोटॅशियम द्यायचं आणि पिळलेली दोरी दिसली तर रक्तातलं प्रमाण ठीक असलं तरी 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. फ्लुकोनॅझोल शरीरातून सावकाश जातं, म्हणून काही दिवस मॉनिटर लावून ठेवावा लागतो आणि रोज ईसीजीवरचे चौकोन मोजावे लागतात. घरी जाताना अ‍ॅसिडिटीची गोळी लागलीच, तर 'डी' नसलेली लिहून द्यायची.